वजा पावणेदोन

«बाबा, गावच्या दारावर तुझ्या नावापुढे ‘वजा पावणेदोन’ असं का लिहिलंय? आणि आपण इथल्या दारावर माझी उंची लिहिली तर चालेल का?»

लाडक्या ईरा,

गावाला असताना तू हे विचारलंस तेव्हा मी सामान बांधत होतो आणि ‘नंतर सांगतो’ म्हणून तुला पळवून लावलं. आता इथे बाहेर पाऊस पडतोय, तू आईबरोबर पोहायला गेली आहेस, तर लिहूनच ठेवतो.

ओटीवरून माजघरात जायचं जे दार आहे ना, त्याची चौकट फणसाच्या लाकडाची आहे. मुळात ते लाकूड पिवळं असतं. आता ते काळं दिसतं, कारण दर पावसाळ्याआधी त्याला काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, वाळवी लागू नये म्हणून. त्या तेलाखाली पेन्सिलीचं काहीच टिकत नाही. म्हणून माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, आधी सुतारी पेन्सिलीने रेघ मारत आणि मग चाकूच्या टोकाने त्याच रेघेवर बारीक खाच पाडत. नाव आणि साल तेवढं दर वर्षी तेल वाळलं की पांढऱ्या रंगाने पुन्हा गिरवायचे. तुला दिसली ती अक्षरं त्यांचीच, पण शेवटची गिरवली आहेत ती आबांनी. म्हणून ‘व’ थोडा वेगळा वाटतो.

पणजोबा मोजणी खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, 33 फुटांच्या लोखंडी साखळीने. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद एवढी जमीन म्हणजे 1 गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे 1 एकर. ती साखळी रोज ओढून ओढून कड्या झिजतात आणि ती हळूहळू लांब होते. लांब झालेल्या साखळीने मोजलं की जमीन कमी भरते, आणि मग दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसतात. त्यामुळे मोजण्याआधी मोजायची वस्तू तपासायची ही त्यांना खोडच लागली होती. आम्हा नातवंडांच्या बाबतीतही ती सुटली नाही.

आम्ही मुंबईहून आणि पुण्याहून मे महिन्यात जायचो. सात नातवंडं. माझ्या आजीचं म्हणणं असं, की अक्षय तृतीयेला उंची घ्या, मुलं अक्षय वाढतील. पणजोबांना ते पटायचं नाही. तिथी दर वर्षी पुढेमागे सरकते. साधं वर्ष 354 दिवसांचं पडतं, अधिक महिना आला की 384 दिवसांचं. तीस दिवसांत मूल अर्धा सेंटीमीटर सहज वाढतं, मग यंदा कोण जास्त वाढलं हे कसं ठरवायचं? म्हणून तारीख ठरलेली: 15 मे. सकाळी तोंड धुतल्याबरोबर, चहाच्याही आधी. माणूस रात्रभर आडवा झोपला की मणक्यांमधल्या गाद्या फुगतात आणि सकाळी तो संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर उंच असतो. एका वर्षी सकाळी आणि दुसऱ्या वर्षी रात्री मोजलं, तर तेवढी वाढ खाल्ली जाते. बंड्याला हे कळल्यावर तो 15 मेला आठ वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहायला लागला. पणजोबांनी मग नियम केला की सगळ्यांनी एकाच वेळी उठायचं.

उंबरठ्यावर उभं राहायचं नाही. तुला तुझी आजी ओरडली होती ना, तेच. नरसिंहाने हिरण्यकश्यपूला उंबरठ्यावर मारलं म्हणून, असं आम्हाला सांगायचे. ओटीच्या जमिनीवर उभं राहायचं, टाचा आणि पाठ चौकटीला टेकवून, नजर समोरच्या तुळशीकडे. हनुवटी वर केली की डोकं मागे जातं आणि उंची कमी येते. सुमाताईला वेणी सोडावी लागायची. डोक्यावर पुस्तक ठेवत नसत, कारण पुस्तक पुढे-मागे कलतं आणि तेवढ्यात अर्धा इंच इकडचं तिकडे होतं. गावच्या सुताराचा गुण्या होता त्यांच्याकडे. काटकोनातली लाकडी पट्टी असते बघ, तो. त्याची एक बाजू चौकटीला घट्ट लावायची आणि दुसरी डोक्यावर टेकवायची. मग ती कलूच शकत नाही.

1991 च्या मेमध्ये मी आठ वर्षांचा होतो आणि माझी उंची भरली 4 फूट दीड इंच. सगळ्यांत बुटका मीच. बंड्या माझ्याहून चार महिन्यांनी लहान आणि दोन बोटं उंच, आणि हे तो मला आंब्याच्या फोडी वाटतानासुद्धा ऐकवायचा.

पुढच्या वर्षी, 1992 ला, मी उभा राहिलो, गुण्या टेकला, मी बाहेर आलो आणि वळून पाहिलं. जुन्या रेघेच्या वर टिचकीएवढं नाही, चांगलं चार बोटांहून वर. टेप लावली: चार इंच! मी अंगणभर नाचलो. आजीने दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणल्या. मी नळाखाली उभा राहून ओरडल्याचं आठवतं, ‘बंड्या, आता बघ तू!’ मग बंड्या उभा राहिला. तोही चार इंच वाढला होता. सुमाताई तेरा वर्षांची होती, ती पाच वाढली. सगळेच खूश. पणजोबा तेवढे गप्प होते. पेन्सिल कानावर ठेवून ते उंबरठ्याकडे बघत राहिले.

त्या वयात मूल वर्षाला दोन-सव्वादोन इंच वाढतं. चार इंच म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची वाढ, तीही सातही जणांची एकाच वर्षी. तेवढ्यात मोठे काका आतून बाहेर आले आणि गणेशपट्टीवर कपाळ आपटून खाली बसले. गणेशपट्टी म्हणजे दाराच्या वरची आडवी फळी, जिच्यावर गणपती कोरलेला आहे. काका त्या घरात जन्मले आणि पस्तीस वर्षांत एकदाही त्यांचं डोकं तिथे लागलं नव्हतं. आम्ही हसलो. पणजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, ‘नाना, तू पण वाढलास की काय?’

मग त्यांनी स्वतःलाच चौकटीला लावलं आणि काकांना गुण्या धरायला सांगितला. त्यांची स्वतःची एक खाच होती, ‘स्वतः 1980’. नवी रेघ तिच्या वर दीड इंच आली.

‘साठीनंतर माणूस वाढत नाही रे, आटतो,’ ते म्हणाले. ‘मी वाढलोय म्हणजे जमीनच वर आलीय.’

झालं असं होतं, की दिवाळीनंतर ओटीच्या शेणाच्या जमिनीवर कोबा घातला होता. कोबा म्हणजे सिमेंटची गुळगुळीत जमीन, जिच्यावर तू घसरलीस. गवंड्याला बजावलं होतं की आधी दोन इंच माती खरवडून काढ आणि मग दोन इंच कोबा घाल, म्हणजे पातळी होती तेवढीच राहील. पणजोबा त्या दोन दिवसांत कुणाच्या तरी बांधाच्या भांडणात पंच म्हणून गेले होते. गवंड्याने खरवडल्यासारखं केलं आणि वर कोबा ओतला. उंबरठा बुडाल्यासारखा दिसतोय असं आजी तेव्हापासून म्हणत होती, पण तिचं कोण ऐकतो.

आता जमीन नेमकी किती वर आली हे काढायचं. तू त्या चौकटीवर खाली एक पितळी खिळा पाहिलास का? तो पणजोबांनी पहिल्याच वर्षी ठोकला होता, जमिनीपासून बरोबर 3 फुटांवर. शेतात हद्दीचा दगड असतो तसा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, पण आडवं. उभ्या रेषांच्या दिशेने ते जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे खिळ्यावर विश्वास ठेवता येतो. त्यांनी खिळ्यापासून कोब्यापर्यंत टेप लावली. 36 इंच यायला हवे होते. सव्वाचौतीस आले. म्हणजे जमीन पावणेदोन इंच वर आली होती आणि आम्ही सगळे तेवढ्या उंचीच्या पाटावर उभे होतो.

मग त्यांनी पांढरा रंग घेतला आणि सातही नावांपुढे लिहिलं: वजा पावणेदोन. माझे चार इंच सव्वादोन झाले. खरी उंची 4 फूट पावणेचार इंच. मी रडलो. बंड्याचेही कमी झाले होते, पण त्याने मला काय समाधान! मी पणजोबांना म्हटलं, ‘नका ना लिहू, राहू दे तसंच.’ ते म्हणाले, ‘पुढच्या वर्षी तू रडशील. तेव्हा जमीन वाढणार नाही आणि तुला वाटेल आपण खुंटलो.’ आणि जमिनीच्या बदल्यात त्यांनी मला खिशातली खडीसाखर दिली. मी ती घेतली. मोठ्या तत्त्वाचा वगैरे मी तेव्हाही नव्हतो.

1993 पासून सगळ्यांचीच मापं नव्या जमिनीवरून आहेत, म्हणून कुठलीही जुनी रेघ नव्याशी ताडायची तर पावणेदोन इंच धरावेच लागतात. तुझी आणि माझी तुलना करशील तेव्हा हे विसरू नकोस. तुझ्या वयाची माझी रेघ कोब्यानंतरची आहे, तिथे वजाबाकी नको. त्या रेघेहून तू एक इंच वर आहेस. इथे उत्रेख्तला तुझ्या वर्गातली मुलं ताडमाड आहेत, त्यांच्याकडे बघून तू बुटकी आहेस असं ठरवू नकोस.

इथल्या दाराचं म्हणशील तर नाही चालणार. घर भाड्याचं आहे, चौकटीला खाच पाडली तर अनामत रकमेतून पैसे कापतील. शिवाय तुझ्या खोलीत गालिचा आहे आणि तो पायाखाली दबतो, रोज वेगळा. पण सहा फुटांची एक लाकडी पट्टी आणू, 3 फुटांवर खिळा ठोकू आणि स्वयंपाकघरात, जिथे फरशी आहे तिथे, भिंतीला उभी करू. घर सोडू तेव्हा पट्टी बरोबर नेता येईल. गुण्या मी आबांकडे मागितलाय.

एक गोष्ट राहिली. पणजोबांची रेघ दीड इंचच वर गेली होती, जमीन मात्र पावणेदोन चढली होती. पाव इंचाचा हिशेब लागत नव्हता. तेव्हा ते कोणी विचारलं नाही. मी नऊ वर्षांचा होतो, माझे स्वतःचेच पावणेदोन गेले होते. आता तू पुन्हा गावाला जाशील तेव्हा ‘स्वतः 1980’ या अक्षरांच्या खाली पाव इंचावर बोट फिरव. तिथे एक खाच आहे. तिला नाव नाही, साल नाही, आणि तेलाखाली ती दिसतही नाही, बोटालाच लागते.

तुझा,
बाबा