पेपर नको, बेरीज तपासा

"मॅडम, निकालपत्रात माझी अर्थशास्त्राची सरासरी चुकली आहे. सरांना पत्र लिहिलं तर त्यांना वाटेल, ही गुण मागायला आली. बारावीलाही तेच शिकवणार आहेत, मनात राग धरला तर? लिहू की सोडून देऊ?"

लिहायचंच, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. पण तिने लिहून आणलेलं दीड पान मी तसंच जाऊ दिलं नाही. त्यात आईचं आजारपण होतं, रात्री जागून केलेला अभ्यास होता, "माझ्यावर अन्याय झाला" हे वाक्य दोनदा होतं, आणि शेवटी "माझा पेपर पुन्हा तपासावा व ७२ गुण द्यावेत" अशी विनंती होती.

मी निकालपत्र मागितलं. अकरावी वाणिज्य, अर्थशास्त्राची ओळ अशी होती: पहिली घटक चाचणी २५ पैकी १९, प्रथम सत्र ५० पैकी ३१, दुसरी घटक चाचणी २५ पैकी २१, वार्षिक १०० पैकी ६७. सरासरी ५९.

"हे चारही गुण तुला मान्य आहेत?"

"हो. पेपर दाखवले तेव्हा एवढेच होते."

मग पेपर पुन्हा तपासायला सांगायचं कशासाठी? त्या एका शब्दाने सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढतील, तिथे त्यांना काहीच चूक सापडणार नाही, आणि "सगळं बरोबर आहे" असं उत्तर येईल. शिवाय आपल्या तपासणीवर ही मुलगी शंका घेते, असंही त्यांना वाटेल. ज्या रागाची तिला भीती होती, तो तिच्याच शब्दांनी ओढवला असता.

आता तिचे ७२. ते वडिलांनी काढून दिले होते. प्रत्येक परीक्षेची टक्केवारी, म्हणजे ७६, ६२, ८४ आणि ६७. त्यांची बेरीज भागिले चार, सव्वाबहात्तर. पण अकरावीची सरासरी अशी निघत नाही. २५, ५०, २५ आणि १०० मिळून २०० गुण होतात, मिळालेल्या एकूण गुणांची निम्मी संख्या ती सरासरी. टक्केवाऱ्यांची सरासरी धरली, तर २५ गुणांच्या चाचणीला १०० गुणांच्या वार्षिक परीक्षेएवढंच वजन मिळतं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचा हिशेब इथेच घसरतो, आणि शिक्षकांनी ती चूक दाखवली की खरी तक्रारही तिथेच विरते.

तिच्याकडून कागदावर बेरीज करून घेतली. १९ आणि ३१ पन्नास, आणि २१ एकाहत्तर, आणि ६७ एकशे अडतीस. निम्मे ६९. मग छापलेल्या ५९ वरून उलट चाललो. दुप्पट ११८, किंवा साडेअठ्ठावन्नचे ५९ केले असतील तर ११७. १३८ मधून ११७ गेले, उरले २१. ती ओळीतल्या आकड्यांकडे बघत राहिली आणि तिने दुसऱ्या घटक चाचणीवर बोट ठेवलं. तिथेही २१च होते. ते गुण छापले गेले होते, पण बेरजेत आले नव्हते.

कारण काय असेल, याचा मला अंदाज होता. संगणकावरच्या तक्त्यात एखादा आकडा मजकूर म्हणून भरला गेला, की तो दिसतो आकड्यासारखाच, पण `=SUM(C5:F5)/2` हे सूत्र त्याला वगळतं आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. दुसरीकडून चिकटवलेल्या गुणांचं असं बऱ्याचदा होतं. बहुधा असा आकडा चौकटीत डावीकडे सरकलेला दिसतो, कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण असतो. `=COUNT(C5:F5)` दिलं तर चारऐवजी तीन येतात. पण हे पत्रात लिहायचं नाही, असं मी तिला बजावलं. तक्ता तिने पाहिलेला नव्हता. जे तिच्या हातातल्या कागदावर दिसतं, तेवढंच तिने म्हणायचं.

शेवटी पत्र एवढंच उरलं:

"आदरणीय सर, सादर नमस्कार. मी अकरावी वाणिज्यची विद्यार्थिनी. निकालपत्रात अर्थशास्त्राचे गुण १९, ३१, २१ आणि ६७ असे आहेत; ते मला मान्य आहेत. त्यांची बेरीज १३८ व सरासरी ६९ येते, निकालपत्रात मात्र ५९ आहे. २१ गुण बेरजेत धरायचे राहिले असावेत असे वाटते. कृपया बेरीज एकदा पाहावी. माझ्या हिशेबात चूक असल्यास सांगावी. निकालपत्राची प्रत जोडली आहे. आपली विद्यार्थिनी."

खाली हजेरी क्रमांक, तुकडी आणि तारीख.

"चूक असल्यास सांगावी" हे वाक्य तिला कमीपणाचं वाटलं. मी ते ठेवायला लावलं, कारण ७२ चा हिशेब दोन दिवसांपूर्वी तिलाही पक्का वाटत होता.

तिने मधल्या सुट्टीत पत्र हातात दिलं. सरांनी उभ्या उभ्याच बेरीज केली आणि तक्ता उघडला. दुसऱ्या चाचणीच्या रकान्यात आणखी चार मुलांचे गुण तसेच डावीकडे सरकलेले होते. पाचही निकालपत्रं दुरुस्त होऊन, सही-शिक्क्यासह परत आली. त्या चौघांपैकी एका मुलाला अर्थशास्त्रात नापास दाखवलं होतं, आणि त्याने घरी अजून निकालपत्र दाखवलंच नव्हतं.