आबांना रुपये सांगा, टक्के नव्हे

पत्र : मी 28 वर्षांचा, राजारामपुरीचा. आठ महिन्यांपासून स्टुटगार्टला आहे, पगार इथल्याच कंपनीकडून. कापाकापी होऊन हातात 3,100 युरो येतात. गेल्या महिन्यापर्यंत रूममेट होता, आता एकटा राहतो. आतापर्यंत साठलेली शिल्लक 1,900 युरो. घरकर्ज माझ्या नावावर, हप्ता 38,000 रुपये. घरखर्चाला आबांना 15,000. जुना रूममेट घरी महिन्याला दीड लाख पाठवतो, म्हणून आबा म्हणतात तूही तेवढे पाठव, पाचगावात 24 लाखांचा प्लॉट बघून ठेवलाय. मी सगळे पैसे जुन्या सॅलरी अकाउंटला पाठवतो. निम्मे इथं, निम्मे तिथं, असं केलं तर?
— एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : निम्मे-निम्मे ऐकायला सोपं आहे, पण घरभाडं आणि हप्ता टक्क्यांत येत नाहीत. दोन्हीकडचे आकडे आधी मांडू आणि हिशोब सोपा राहावा म्हणून एक युरो शंभर रुपयांचा धरू.

स्टुटगार्टला एका खोलीचं हीटिंग-पाण्यासकट भाडं 950 धरू. वीज आणि इंटरनेट 80, मोबाइल 15, देशभर चालणारं महिन्याचं तिकीट 63, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी 18, दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा 7. किराणा 300. बाहेर खाणं, कपडे, औषधं मिळून 200. कोल्हापूरला वर्षातून एक फेरी 900 युरोंची धरली तर महिन्याला 75. बेरीज साधारण 1,700. हा तुमचा तळ, याच्या खाली जायचं नाही. खर्चाच्या रकान्यात बहुतेकजण फक्त भाडं आणि किराणा मांडतात, म्हणून तिसऱ्या महिन्यात गाडी अडते. आणखी एक खर्च वर्षाच्या शेवटी अचानक येतो : हीटिंग-पाण्याचा वार्षिक हिशोब. तुम्ही महिन्याला भरता ती नुसती उचल असते. हिवाळा कडक गेला तर घरमालक फरकाचं बिल पाठवतो, कधी काही शे युरोंचं.

आता घरची बाजू. हप्ता 38,000, घरखर्च 15,000 आणि आईआबांच्या आरोग्यविम्याचे वर्षाचे 48,000 असतील तर महिन्याला 4,000. एकूण 57,000, म्हणजे 570 युरो. ही रक्कम रुपयांतच ठरवा, कारण हप्ता रुपयांत आहे. युरो 95 वर घसरला तर 570 ऐवजी 600 लागतील. ते 30 तुमच्या उरलेल्यातून जातील, आबांच्या किराण्यातून नव्हे.

3,100 मधून 1,700 आणि 570 वजा केले की 830 उरतात. प्रश्न खरा या 830 चा आहे आणि आमचं मत स्पष्ट आहे : पहिले पाच महिने यातला एक युरोही भारतात पाठवू नका.

कारण सांगतो. जर्मनीत बेकारभत्ता मिळायला आधीच्या 30 महिन्यांत किमान 12 महिने वर्गणी भरलेली लागते. तुमचे आठच झालेत. आज नोकरी गेली तर भत्ता शून्य, आणि ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर असाल तर पहिल्या दोन वर्षांत नवी नोकरी शोधायला साधारण तीनच महिने मिळतात. तेवढ्या काळात भाडं थांबत नाही आणि इकडचा हप्ताही थांबत नाही. म्हणून राखीव रक्कम दोन्ही मिळून काढायची : तीन महिने तिथले 5,100 आणि तीन हप्त्यांचे 1,140, म्हणजे जवळपास 6,240. हातात 1,900 आहेत, 4,340 कमी पडतात. 830 ने भागलं की पाच महिने आणि थोडं वर. ही रक्कम युरोतच, तिथल्या बँकेत ठेवा. एकदा रुपये करून परत आणायला गेलात तर दोन्ही वेळा दरात कात्री लागते.

रूममेटचं उदाहरण आबांना पटतं, कारण त्यात एकच आकडा आहे. तो भाडं वाटून राहतो का, त्याच्यावर हप्ता आहे का, त्याची राखीव जमा किती, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आता खातं. नोकरीसाठी देश सोडलात की परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही त्याच वेळी अनिवासी होता. 182 दिवसांचा नियम आयकराचा आहे, दोघांची गल्लत करू नका. जुनं सॅलरी अकाउंट तसंच चालवता येत नाही. बँकेला सांगून ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्या आणि सोबत परदेशातल्या कमाईसाठीचं नवीन एनआरई खातं उघडा. परदेशातली कमाई एनआरईत घाला : त्या खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त आणि पैसा हवा तेव्हा बाहेर नेता येतो. एनआरओत घातलेली रक्कम बाहेर काढायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि सीएचे दाखले आडवे येतात. हप्त्याचा आदेशही एनआरईवर वळवा. एनआरईची ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज अजिबात मिळत नाही. आणि भारतात करमुक्त असलेलं हे व्याज जर्मनीच्या विवरणपत्रात मात्र दाखवावं लागतं. एकट्याला सगळ्या गुंतवणुकीवर मिळून वर्षाला 1,000 युरोंपर्यंत सूट आहे.

पाठवताना 'शुल्क शून्य' या पाटीला भुलू नका, कमाई दरातच लपवलेली असते. एकच कसोटी लावा : घरी जमा झालेले रुपये भागिले तुमच्या खात्यातून गेलेले एकूण युरो. 600 गेले आणि 58,500 पोहोचले तर दर पडला 97.50. त्या दिवशी बाजारात 100 असेल तर 15 युरो वाटेत गेले. दोन-तीन ठिकाणी हीच तुलना त्याच तासाला करा. पगार महिनाअखेरीला, हप्ता 5 तारखेला, मध्ये शनिवार-रविवार. म्हणून एक हप्ता एनआरईत कायम पडून असू द्या, नाहीतर परतलेल्या हप्त्याचा दंड आणि क्रेडिट स्कोअरचा डाग, दोन्ही पदरात पडतात.

राहिला प्लॉट. राखीव भरल्यावर 830 सगळे बाजूला टाकले तरी 24,000 युरो जमायला 29 महिने लागतात. म्हणजे आजपासून जवळपास तीन वर्षं, हेच आबांना सांगा. कागदावर लिहून दाखवलंत तर 'दीड लाख' हा शब्द आपोआप मागे पडेल.

तो आबांच्या नावावर घ्यायचा ठरला तर एक पेच आहे. भारतात मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर कर नाही. पण तुम्ही जर्मनीचे रहिवासी, आणि तिथे मुलाने आईला किंवा वडिलांना दिलेली भेट दहा वर्षांत प्रत्येकी 20,000 युरोंपर्यंतच करमुक्त असते. घरखर्चाला रास्त रक्कम पाठवणं यात मोजत नाहीत, 24 लाखांचा प्लॉट मोजतात. स्वतःच्या नावावर घेतलात आणि एनआरईतून थेट विकणाऱ्याला पैसे दिलेत, तर ही भेट ठरत नाही. मात्र अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा आबांना सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश आधी मागून घ्यायला सांगा, आणि तोवर एक रुपयाही इसार देऊ नका.