डिपेंडंट सोर्स बंद करू नकोस

अरे, थेवेनिन रेझिस्टन्सचं तुझं उत्तर २ ओहम आलं, कारण तू डिपेंडंट सोर्सही उडवलास. पुण्यात डिप्लोमा करताना मीही पहिल्या टेस्टला हेच केलं होतं!

तुझंच सर्किट घेऊ. १२ व्होल्टचा सोर्स, ४ ओहममधून a टोकाला. a आणि b मध्ये आणखी ४ ओहम, त्यावरचं व्होल्टेज `v_x`. शिवाय a मध्ये `0.25 v_x` अँपिअर ढकलणारा डिपेंडंट सोर्स.

- a-b ला जोडलेला लोड काढ. फक्त १२ व्होल्टचा सोर्स शॉर्ट कर.
- लोडच्या जागी १ व्होल्टचा टेस्ट सोर्स लाव. आता `v_x` = १.
- दोन्ही रेझिस्टर ०.२५-०.२५, म्हणजे ०.५ अँपिअर ओढतात. त्यातले ०.२५ डिपेंडंट सोर्स देतो, उरलेले ०.२५ टेस्ट सोर्स.

म्हणून १ ÷ ०.२५ = ४ ओहम.

सगळ्यात जास्त घोळ चिन्हात होतो. टेस्ट सोर्समधून a मध्ये शिरणारा करंटच धन धर. त्याची दिशा उलटी धरलीस तर -४ येईल, आणि डिपेंडंट सोर्सचा बाण उलटा धरलास तर ४ ऐवजी १.३३. शंका आली तर मूळ सर्किटवर ताडून बघ: ओपन व्होल्टेज १२, शॉर्ट करंट ३ अँपिअर, भागाकार ४.

उत्तर ऋण आलं तर घाबरू नकोस, डिपेंडंट सोर्स असताना तसं होऊ शकतं. ते नंतर बघू.