टायपिंग क्लास सोडून स्टेनो कीबोर्ड घ्यायचाय म्हणतोय

"नमस्कार सर, माझा मुलगा एसवाय बीकॉमला आहे. इंग्रजी टायपिंग 40 चा क्लास चालू आहे आणि एसएससी स्टेनोग्राफरसाठी शॉर्टहँडही शिकतोय. आता कुठला तरी व्हिडिओ बघितलाय, त्यात एक बाई मिनिटाला 200 च्या वर शब्द टाइप करते. तेव्हापासून दोन्ही क्लास सोडतो, स्टेनोचा स्पेशल कीबोर्ड घेऊन द्या, असं चाललंय. घेऊन द्यावा का?" – एक आई

ताई, कीबोर्ड आत्ता नको आणि क्लास तर अजिबात सोडू देऊ नका. पण त्याने बघितलं ते खोटं नाहीये, म्हणून नीट सांगतो.

आपल्या नेहमीच्या कीबोर्डवर एक दाब म्हणजे एक अक्षर. स्पीड मोजताना पाच दाबांचा एक शब्द धरतात, म्हणजे मिनिटाला 225 शब्द काढायचे तर सेकंदाला जवळजवळ 19 दाब, आणि तेवढी बोटं काही चालत नाहीत. स्टेनो मशीनवर पेटीवर सूर धरतात तशा बऱ्याच कळा एकदम दाबायच्या आणि एकदम सोडायच्या, एका दाबात अख्खा उच्चार, बऱ्याचदा अख्खा शब्दच येतो. डावा हात सुरुवातीची व्यंजनं, दोन्ही अंगठे स्वर, उजवा हात शेवटची व्यंजनं. मग त्याच 225 ला सेकंदाला साधारण चार-पाच दाब पुरतात. कळा पंचवीसच्याही आत आहेत, सगळ्या अक्षरांना पुरत नाहीत, म्हणून काही अक्षरं जोडून काढतात, डावीकडे H आणि R मिळून एल, उजवीकडे P आणि B मिळून एन. कुठला दाब म्हणजे कुठला शब्द हे सॉफ्टवेअर आपल्या डिक्शनरीत बघून ठरवतं.

हे फुकट करून बघता येतं. Plover नावाचं सॉफ्टवेअर आहे, न्यूयॉर्कच्या मीराबाई नाइट या कॅप्शनरने सुरू केलेलं (नाव मीराबाई असलं तरी आपल्याकडची नाही हो), ते साध्या कीबोर्डलाच स्टेनो मशीन बनवतं. plant हा शब्द घ्या, वर स्टेनोच्या कळा आणि खाली घरच्या कीबोर्डवरच्या:

```
PHRAPBT
e r f c i k p
```

आता मेख इथे आहे. ह्या सात कळा एकदम दाबायच्यात आणि बरेच स्वस्त कीबोर्ड एकावेळी सहाच कळा पाठवतात, कधी कधी त्याहून कमी. समजा शेवटची p पोचली नाही, तर plant ऐवजी plan उमटेल, आणि मुलाला वाटेल आपलंच बोट चुकलं! म्हणून आधी Plover बंद ठेवून नोटपॅड उघडा, ह्या सात कळा एकत्र दाबून धरा आणि सातही अक्षरं आली का बघा. नाही आली तर एकावेळी सगळ्या कळा ओळखणारा कीबोर्ड लागेल, दुकानात एन-की रोलओव्हर म्हणून विचारायचं. कोर्टात वापरतात ती प्रोफेशनल मशीन मात्र काही लाखांत जाते, तिचा विचारच नको.

आता तुमच्या मुलाचं. एसएससीच्या स्किल टेस्टला दहा मिनिटांचं डिक्टेशन असतं, ग्रेड डी ला 80 आणि सी ला 100 च्या स्पीडने, ते वहीत शॉर्टहँडमध्ये उतरवायचं आणि मग साध्या कॉम्प्युटरवर टाइप करायचं. तिथे हे मशीन चालणार नाही, त्यामुळे पेन आणि 40 चं टायपिंग हेच लागणार. शिवाय Plover सोबत जी डिक्शनरी येते ती इंग्रजीची, म्हणजे मराठी टायपिंगलाही तिचा उपयोग नाही.

मग हे कुणाच्या कामाचं? अमेरिकेत कोर्ट रिपोर्टरचा हा मुख्य धंदा आहे, त्यांच्या आरपीआर सर्टिफिकेटला 180, 200 आणि 225 अशा तीन टेस्ट, प्रत्येक पाच मिनिटांची, आणि 95 टक्के अचूक. दुसरे कॅप्शनर, म्हणजे ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याशेजारी बसून प्रोफेसर बोलतील ते तिथल्या तिथे स्क्रीनवर आणणारे, आणि मला विचाराल तर ह्या विद्येचा सगळ्यात सुंदर उपयोग हाच. पण त्यासाठी कानाला अमेरिकन इंग्रजी पक्कं हवं आणि रोजच्या सरावाची दोन-तीन वर्षं तरी, मधेच सोडणारेही पुष्कळ असतात. सुरुवातीचे काही महिने तर साध्या टायपिंगपेक्षाही स्लो जातात, कारण प्रत्येक शब्द कसा दाबायचा हे आठवावं लागतं आणि too आणि two सारखे एकाच उच्चाराचे शब्द वेगवेगळ्या दाबांनी लक्षात ठेवावे लागतात. बाकी दिवसभर इंग्रजी लिहिणाऱ्या कुणालाही हौस म्हणून चालेल.

त्याला म्हणावं क्लास चालू ठेव, आणि रोज रात्री वीस मिनिटं Plover. तीन महिन्यांनी इंग्रजी पेपरमधला एक परिच्छेद न अडखळता काढून दाखवला, तर कीबोर्डचं बघू. तेव्हा मला परत लिहा, कुठला घ्यायचा ते सांगतो.