जास्त गेलेला पगार परत घ्यायची नोटीस

प्रश्न: मी एका कारखान्यात एचआरला आहे. गेल्या महिन्यात ओव्हरटाइम दोनदा धरला गेला, काहींच्या खात्यात जास्त पैसे गेले. साहेबांनी बोर्डावर नोटीस लावायला दिलीय, "जादा रक्कम घेतलेल्यांकडून ती वसूल केली जाईल, अन्यथा कायदेशीर कारवाई". लावली तर बोंबाबोंब होईल. कशी बदलू?

नका लावू ती. "जादा रक्कम घेतलेल्यांकडून" वाचलं की माणसाला वाटतं आपल्यावर चोरीचा आळ आलाय, आणि चूक तर ऑफिसची आहे ना.

पैसे परत घेण्याचा हक्क मात्र तुम्हाला आहे, त्यात शंका नको. जास्त गेलेलं वेतन पगारातून समायोजित करायची परवानगी वेतन संहितेच्या कलम 18 मध्ये आहे, आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय. पण त्याच कलमात मर्यादाही आहे, सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या 50 टक्क्यांवर जायच्या नाहीत. सगळ्या म्हणजे पीएफ, ईएसआय, सोसायटीचा हप्ता, सगळं धरून. लोक इथेच अडकतात, कारण जुन्या कायद्यात सोसायटीची कपात असेल तर 75 टक्क्यांपर्यंत जाता यायचं आणि पगार काढणाऱ्यांच्या डोक्यात अजून तेच बसलंय.

समजा एकाचं वेतन 20,000 आहे आणि 4,800 जास्त गेलेत. पीएफ 1,800, ईएसआय 150, व्यवसाय कर 200, सोसायटी 6,500, हे झाले 8,650. म्हणजे 10,000 पर्यंत उरले फक्त 1,350. दोन हप्त्यांत घेतलेत तर महिन्याला 2,400, मर्यादा मोडली. चार हप्ते केले की 1,200, बसतं. म्हणून सगळ्यांना एकच हप्ता लावू नका, प्रत्येकाची स्लिप काढून बघा.

बोर्डावर नावं आणि रकमा नकोतच. तिथे एवढंच लावा:

"गेल्या महिन्याच्या पगारात ऑफिसच्या हिशोबातल्या चुकीमुळे काही जणांचा ओव्हरटाइम दोनदा जमा झाला. यात कर्मचाऱ्यांची काही चूक नाही. ज्यांचा संबंध आहे त्यांना रकमेचा हिशोब वेगळ्या पत्राने मिळेल. या महिन्याच्या पगारातून काही कापणार नाही. पुढच्या महिन्यापासून हप्ते, व्याज नाही. हप्ता जड वाटला किंवा हिशोब चुकीचा वाटला तर 15 तारखेपर्यंत एचआरला भेटा."

"या महिन्याच्या पगारातून काही कापणार नाही" हे आधी ठरवून घ्या साहेबांशी, लिहून मग कापलंत तर युनियन तोच कागद पुढे करेल. वैयक्तिक पत्रात किती मिळायला हवे होते, किती गेले, फरक किती, हप्ता किती आणि कोणत्या महिन्यात संपतो, हे आकडे द्या. पगार स्लिपवर "जादा वेतन समायोजन" असं वेगळं लिहा, "दंड" किंवा "नुकसान" बिलकुल नाही, कारण त्या कपातींना आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि तुम्ही उगाच त्या भानगडीत सापडाल.

मध्येच कोणी राजीनामा दिला तर बाकीचा हिशोब फायनल सेटलमेंटला कसा धरणार तेही पत्रात आधीच लिहा, नाहीतर शेवटच्या दिवशी भांडण ठरलेलं.