पगारपत्रकातली बोगस नावे: वाचकांचे प्रश्न

आमच्याकडे बायोमेट्रिक हजेरी आहे. मग बोगस कामगार राहूच शकत नाही ना? (खानापूर)

राहू शकतो. मशीन बोट ओळखते, पण विसरलेली हजेरी हाताने भरायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतेच. गेल्या महिन्यात हाताने भरलेल्या हजेऱ्यांची यादी काढा आणि प्रत्येकीवर सुपरवायझरची सही आहे का पाहा. ‘आमचे सॉफ्टवेअर घ्या, घोळ संपला’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला आधी हीच यादी काढून दाखवायला सांगा.

उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे, २१४ कामगार. पगारपत्रक तपासायचे म्हणजे नेमके कुठून सुरू करायचे? (बेळगाव)

बँकेतून. बहुतेक जण पगार क्लार्कनेच काढून दिलेल्या यादीपासून सुरुवात करतात. ज्याचे काम तपासायचे, त्याचाच कागद खरा धरला तर तपासणी उरतेच कुठे? पगार जमा झाल्याची यादी मालकाने थेट बँकेकडून घ्यावी. त्यातली दहा नावे उचलून प्रत्येकाचा माग उलटा काढा: पगारपत्रक, हजेरी, नेमणुकीचे पत्र, आणि शेवटी शॉपवर उभा असलेला माणूस. मग शॉपवरचे पाच जण निवडून उलट दिशेने बँकेपर्यंत या.

त्याआधी एक बेरीज करा, ओव्हरटाइम बाजूला ठेवून. समजा मार्चचा ठरावीक पगार ३८,५२,००० रुपये. ३१ मार्चला तिघे सोडून गेले, ५४,००० वजा. १ एप्रिलला पाच नवे आले, ९०,००० मिळवा. सहीची पगारवाढ १२,००० रुपये. म्हणजे एप्रिलला माणसे २१६ आणि रक्कम ३९,००,००० हवी. पत्रक दाखवते २१७ माणसे आणि ३९,२५,५००. या २५,५०० रुपयांचा माग काढायचा.

यातले १८,००० सोडून गेलेल्या एकाच्या नावावर निघतात. बोगस नाव नव्याने घुसवण्यापेक्षा गेलेल्याला जिवंत ठेवणे सोपे, कारण त्याचे कागद आधीच पक्के असतात. बदलतो फक्त खाते क्रमांक. म्हणून सॉफ्टवेअरमधली बदलांची नोंद उघडा: खाते कोणी, कोणत्या तारखेला बदलले? राजीनाम्यानंतर तीन आठवड्यांनी खाते बदललेले दिसले की तिथेच थांबून चौकशी करा. यादीत नाव बरोबर आहे, यावर विसंबू नका. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. पीएफच्या महिन्याच्या ईसीआर फाइलमध्ये तो कामगार आहे का, हेही पाहा. पगार आहे आणि पीएफ नाही, तर कारण लेखी मागा. सुरुवातीपासूनच जास्त पगार असलेल्यांना सूट असू शकते, म्हणून निष्कर्ष सी.ए.ना विचारूनच काढा.

उरलेले ७,५०० म्हणजे पत्राशिवाय झालेली पगारवाढ. मार्च आणि एप्रिलचे मूळ पगार शेजारी लावा, फरक असलेल्या प्रत्येक ओळीला सहीचे पत्र हवे. मे महिन्यातही हेच करा, कारण एक महिना वाढवून पुढच्या महिन्यात गुपचूप खाली आणलेला पगार वर्षअखेरीस कुणाला दिसत नाही.

आधार आणि बँकेतले नाव जुळत नाही, तो बोगस समजायचा का? (चिकोडी)

नाही. आपल्या भागात एकाच माणसाचे नाव कुठे आडनावासह, कुठे वडिलांच्या आद्याक्षरासह लागते, कुठे कन्नडवरून इंग्रजीत वेगळे उतरते. माणूस समोर बोलावून कागद पाहा.

एक्सेलमध्ये COUNTIF लावले, तर बरीच खाती दुबार दिसतात. एवढा घोटाळा? (निपाणी)

बहुधा घोटाळा नसून एक्सेलची मर्यादा आहे. खाते मजकूर म्हणून ठेवले तरी COUNTIF त्याला संख्या समजते आणि पहिले १५ अंकच पाहते. १६ अंकी खात्यांचा शेवटचा अंक गळतो. खाती D स्तंभात मजकूर म्हणूनच ठेवून, २१५ च्या जागी आपल्या यादीच्या शेवटच्या ओळीचा क्रमांक घालून हे वापरा:

```
=SUMPRODUCT(--($D$2:$D$215=D2))
```

उत्तर १ पेक्षा जास्त आले तरच खाते खरोखर दुबार. तरीही नवरा-बायको दोघे कामाला आणि खाते एकच, असे असू शकते. आधी विचारा.

पत्रक क्लार्क बनवतो, बँकेत फाइलही तोच चढवतो. जुना माणूस आहे, चालेल ना?

नाही. फाइल चढवणारा एक, मंजूर करणारा दुसरा. ओटीपीचा मोबाइल मंजूर करणाऱ्याच्याच खिशात.

एका नावाबद्दल संशय आहे. ऑडिट जूनमध्ये आहे, तोवर थांबावे का?

थांबू नका. दर महिन्याला एक पगार जातो आणि जुनी नोंद पुसली जाऊ शकते. आजच बदलांच्या नोंदीची आणि बँक फाइलची प्रत स्वतःकडे घ्या, आणि त्या नावाचा पुढचा पगार रोखण्याआधी माणूस खरा आहे का ते पाहा. खऱ्या कामगाराचा पगार अडला तर ती वेगळी तक्रार होईल. क्लार्कवर शॉपमध्ये सर्वांसमोर आरोप करू नका. सोडून गेलेल्या कामगाराच्या शेवटच्या हिशेबाची बाकी त्या पगारात दिलेली असू शकते, आणि ती वेगळ्या पत्रकावर दाखवायची राहून गेली असेल. कागद घेऊन आधी सी.ए.कडे, मग कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे जा.