ड्रॉवरमधली तांदळाची डबी

ताई, नमस्कार.

मी कोल्हापुरात एका बँकेत क्लार्क आहे, वय 46. मार्चमध्ये रक्त तपासलं तर तीन महिन्यांची साखर 6.3 आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी खाणं सुधारा. माझ्या डब्यात चार चपात्या, बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची भाजी, वर आमटी-भात. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमच्या डब्यात मोडाची मटकी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, लिंबाची फोड. एक दिवस सहज अदलाबदल केली, मग ती रोजचीच झाली. त्यांनाही माझा डबा आवडतो, म्हणतात, "मऊसूत असतं, चावायला त्रास नाही." सहा महिन्यांत माझी साखर 5.8 वर आली, वजन चार किलोंनी उतरलं. डबा झाला की दोघं चहा घेतो आणि काउंटरला बसतो. मॅडम चाळिशीच्या, शांत, सरळ. एकच खोड आहे, दिवसभर ड्रॉवरमधल्या डबीतले कच्चे तांदूळ चघळतात. त्यावरून आम्ही सगळे त्यांना चिडवतो.

गेल्या आठवड्यात बायकोला हे कळलं. तेव्हापासून ती बोलत नाही. ब्रँचमध्येही कुजबुज आहे. आमच्या मनात काही वावगं नाही. डबा बदलणं थांबवू का? थांबवलं तर साखर परत वाढेल अशी भीती वाटते.

एक क्लार्क, कोल्हापूर

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी त्या तांदळाच्या डबीपाशी अडकले. बायकोचा अबोला आणि ब्रँचमधली कुजबुज जरा बाजूला राहू द्या. ती डबी संध्याकाळपर्यंत रिकामी होते का? सुट्टीच्या दिवशी घरीही त्या तांदूळ खातात का? सहा महिने शेजारी बसून जेवताय, पण हे तुम्ही कधी विचारलेलं दिसत नाही.

माझी धाकटी बहीण पाटीवरची पेन्सिल खायची. दप्तरात, उशीखाली, फ्रॉकच्या खिशात पेन्सिलीचे तुकडे सापडायचे. ती खाताना कुरकुर असा बारीक आवाज यायचा आणि ओठांच्या कडेला पांढरी भुकटी असायची. आम्ही भावंडं हसायचो, आई हातावर चापटी मारायची. तिचं रक्त तपासायला हवं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे अकरावीत असताना प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली, तेव्हा कळलं की हिमोग्लोबिन सातच्या आत गेलंय. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन आठवड्यांत पेन्सिल आपोआप सुटली. इतकी वर्षं जिला आम्ही खोड म्हणत होतो, ती खोड नव्हतीच. त्या चापट्या मला अजून आठवतात.

कच्चे तांदूळ, पेन्सिल, खडू, माती, बर्फ असलं काहीतरी सतत खावंसं वाटणं हे शरीरातलं लोह कमी झाल्याचं ओळखीचं लक्षण आहे. असं का होतं हे अजून नीट उलगडलेलं नाही, पण लोह भरून निघालं की बहुतेकांची ही ओढ जाते, पुष्कळदा रक्ताचा आकडा पूर्ण वर येण्याआधीच. तांदूळ चघळणाऱ्या प्रत्येकाचं रक्त कमी असतंच असं मी म्हणत नाही. पण चाळिशीतल्या बाईच्या बाबतीत तो पहिला संशय असायला हवा. या वयात बऱ्याच जणींची पाळी जास्त जाते आणि ते कुणाला सांगितलं जात नाही, मग दर महिन्याला लोह थोडं थोडं निघून जातं. त्यात त्यांचं ते "चावायला त्रास नाही". रक्त कमी असलं की कधी कधी जीभ हुळहुळते, कोरडं आणि तिखट नकोसं होतं. तुम्हाला वाटलं त्यांना तुमच्या घरचा डबा आवडला. मला वाटतं, कदाचित त्यांना भाकरीच खाववत नसेल.

आता तुमची अदलाबदल बघा. मटकी, पालेभाजी आणि लिंबाची फोड, म्हणजे त्यांच्या डब्यातलं सगळ्यात कामाचं अन्न, सहा महिने तुम्ही खाल्लं. आपल्याकडच्या पोषण संस्थेने 2020 साली ठरवलेलं प्रमाण असं, की पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह पुरतं, पाळी सुरू असलेल्या बाईला 29 लागतं. ज्यांना दीडपट लागतं त्यांच्या पुढ्यातून ते उचलून, ज्याला कमी लागतं त्या तुमच्या पुढ्यात आलं. चपातीत लोह नसतं असं नाही, पण धान्य-कडधान्यातलं लोह शरीर फार थोडं शोषतं. म्हणून तर उसळीवर लिंबू पिळायचं. त्या आंबटपणाने ते जास्त शोषलं जातं. मटकीला मोड आले की लोह अडवणारा अंशही थोडा घटतो. लिंबाची ती फोड शोभेची नव्हती, दादा.

आणि वर चहा. जेवण होतंय न होतंय तोच घेतलेला चहा त्याच जेवणातलं लोह अडवतो, इतका की निम्म्याहूनही कमी अंगी लागतं. म्हणजे त्यांनी आधी लिंबू तुम्हाला दिलं आणि मग उरलंसुरलं चहात घालवलं. चहा एक तासाने घ्या. लंच संपल्यावर लगेच काउंटर उघडतो हे मला माहीत आहे, पण साडेतीनला कुणीतरी दोन कप जागेवर आणून देईलच की.

तुम्ही हे मुद्दाम केलं नाहीत. पण सहा महिने तुमचं लक्ष तुमच्या 6.3 वर होतं आणि समोरचं माणूस कच्चे तांदूळ खात होतं. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

तेव्हा उद्या एवढंच करा. सकाळी, काउंटर उघडायच्या आधी, त्यांना बाजूला घेऊन सांगा: "मॅडम, तांदळावरून मी चिडवत होतो ते चुकलं. ते रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं. आजच तपासून या, तोवर तुमचा काउंटर मी बघतो." चौकशीचा एक शब्दही नको. डोळ्यांची खालची पापणी ओढून आतला भाग फिका दिसतो का, नखं चपटी होऊन तुटतात का, जिना चढताना दम लागतो का, हे त्यांचं त्यांनी आरशासमोर बघावं. पाळीबद्दल तुम्ही काही विचारू नका, ते डॉक्टर विचारतील.

तपासणी दोन नावांनी सांगा, हिमोग्लोबिनसाठी सीबीसी आणि सोबत फेरिटिन. दुसरी लोक विसरतात. फेरिटिन म्हणजे शरीराच्या गंगाजळीतलं लोह, आणि आधी आटते ती गंगाजळी. हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. म्हणून हिमोग्लोबिन 12 च्या वर असलं तरी "नॉर्मल आहे" म्हणून घरी यायचं नाही, फेरिटिन बघायचं. आकडा खाली आला तर ते मटकीने भरून येणार नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगा. गोळ्या लागतात, त्या काही महिने चालतात, आणि रक्त वर आल्यावरही गंगाजळी भरेपर्यंत साधारण तीन महिने घ्याव्या लागतात. मळमळलं, पोट धरलं की बायका त्या गुपचूप बंद करतात. तसं न करता डॉक्टरांकडून गोळी किंवा वेळ बदलून घ्यायची. आणि लोह जातंय कुठे हेही शोधून घ्यायचं. खर्चाची अडचण असेल तर आपलं सीपीआर सरकारी रुग्णालय आहे.

डबा? उद्यापासून ज्याचा त्याने खायचा. तुमच्या साखरेची भीती मी समजते, पण त्यांच्या डब्यात जादू नव्हती. तुमचा भात सुटला, चार चपात्यांच्या जागी एक भाकरी आली आणि डब्याचा निम्मा भाग उसळ-भाजीने भरला, म्हणून साखर उतरली. इथे एक गैरसमज काढून टाका. भाकरीने साखर वाढत नाही असं आपल्याकडे धरून चालतात, पण एक जाडजूड भाकरी पिठाच्या हिशेबाने दोन चपात्यांच्या बरोबरीची असते. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर आकडा वर जाणारच. तुमच्या घरच्या डब्यात दोन चपात्या, भात नाही आणि वाटीभर उसळ एवढं केलंत तरी तेच साधेल. आधी उसळ-भाजी खायला घ्या आणि चपातीकडे नंतर वळा, त्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते.

ही उसळ बायकोने करावी म्हणून वाट बघू नका. शनिवारी सकाळी एक वाटी मटकी निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घाला. रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा आणि झाकून ठेवा. थंडीत फडकं उबेला ठेवा आणि मध्ये एकदा पाण्याचा हबका मारा. रविवारी रात्री बोटभर नसले तरी नखाएवढे मोड येतील, तेवढे पुरतात. हात लावून बघा. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर फडकं हवं त्यापेक्षा जास्त ओलं होतं, ती मटकी टाकून द्या. चांगली मोडाची मटकी दाणा दाणा सुटी आणि गोडसर वासाची असते. सोमवारी सकाळी मोहरी, कांदा आणि कांदा-लसूण मसाल्याची फोडणी देऊन वाफेवर शिजवा, कट करायला जाऊ नका. आपल्या कोल्हापूरकराच्या हाताला मटकी दिसली की तर्री सुचते, तेवढा मोह आवरा.

बायको ओट्याशी येऊन विचारेल, हे काय चाललंय. तेव्हा मार्चचा आणि आताचा असे दोन्ही रिपोर्ट तिच्या हातात द्या आणि मॅडमच्या तांदळाचंही सांगा. ती तरी तुमच्याआधी ओळखेल असं मला वाटतं, कारण तिच्या माहेरीही कुणीतरी पेन्सिल किंवा तांदूळ खाणारी असेलच.

मला परत पत्र लिहाल तेव्हा तुमच्या साखरेचा आकडा नको. मॅडमचा फेरिटिनचा आकडा, त्यांनी सांगितला तर, आणि डबीतले तांदूळ कमी झाले की नाही, तेवढं लिहा.

तुमची ताई